नाथांनी वंदिलेली वंशावळ आणि आपल्या घरची पितृप्रार्थना

भाद्रपदाची पौर्णिमा सरली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पितरपाट लागतो. शेतात कपाशी पात्याफुलांवर असते, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात आणि मूग-उडीद नुकताच घरात आलेला असतो. त्याच उडदाचे वडे, कढी, खीर, भोपळ्याची नाहीतर गवारीची भाजी असा स्वयंपाक होतो. घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पान मांडतात, कावळ्याला आणि गाईला घास काढतात, आणि मग पंगत बसते. जे शेत त्यांनी मोडून वहितीत आणले, त्याच शेताचा दाणा पहिल्यांदा त्यांच्या पानावर जातो. या विधीचा मूळ भाव आनंदाचा आणि उपकार स्मरण्याचा आहे, हे एवढ्यावरूनच कळते.

अलीकडे पुष्कळ घरांत पान मांडल्यावर दोन शब्द बोलण्याची किंवा लिहून आणलेला मजकूर वाचण्याची चाल पडू लागली आहे. चाल चांगली आहे. परंतु वाचला जाणारा मजकूर बहुधा शोकसभेतला असतो. क्रूर काळाने घाला घातला, छत्र हरपले, पोकळी भरून निघणार नाही, आत्म्यास शांती लाभो. ज्यांना जाऊन तीस-चाळीस वर्षे झाली त्यांच्यासाठीही हेच शब्द. लहान मुले गोंधळतात, म्हातारी माणसे डोळे पुसतात आणि घास कडू होतो. मग पितरांविषयी लिहावे तरी कसे? आपण वारकरी आहोत, आणि आपल्याच संप्रदायात याचा एक उत्तम नमुना साडेचारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. तो श्रीसंत एकनाथमहाराजांचा.

नाथमहाराजांनी एकनाथी भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ साली, काशीक्षेत्री पूर्ण केले. ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात मंगलाचरण आहे. तिथे गणेश, शारदा, कुलदैवत, सद्गुरू जनार्दनस्वामी आणि संत यांना वंदन करता करता नाथ स्वतःच्या घराण्यापाशी येतात. मोजक्याच ओव्या आहेत, पण त्यांत चार पिढ्या बसल्या आहेत. पणजोबा भानुदास, आजोबा चक्रपाणी, वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी आणि शेवटी स्वतः नाथ.

आता या ओव्या वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नाथांचे आईवडील ते अगदी लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणींनी त्यांना पैठणात वाढवले. म्हणजे ज्यांचा चेहराही नीट आठवत नसेल अशा आईवडिलांविषयी हे पोरके झालेले मूल पुढे मोठेपणी लिहीत आहे. रडण्याला याहून मोठे कारण कुणाजवळ असेल? परंतु त्या ओव्यांत आईवडील अकाली गेल्याची तक्रार नाही. आपण पोरके झालो हे वाक्य नाही. तिथे आहे ते वंदन, आणि या कुळात आपण जन्मलो याचा आनंद.

हे नाथांनी कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे. भानुदासांविषयी पुष्कळ माहीत होते. विठ्ठलाची मूर्ती विजयनगराहून त्यांनी पंढरीस परत आणली ही कथा संप्रदायात सर्वश्रुत आहे. तरी नाथ त्यांचे चरित्र सांगत बसत नाहीत. ते आधी नाते सांगतात की हे माझ्या आजोबांचे वडील. मग बालपणीच्या सूर्योपासनेची एक खूण सांगतात, मान आणि अभिमान जिंकल्याचा एक गुण सांगतात, विठ्ठलाशी असलेले सख्य सांगतात आणि पुढे निघतात. त्यांच्यामुळे आमचा वंश देवाला आवडता झाला, हा त्या सगळ्याचा सारांश.

चक्रपाणींच्या वाट्याला त्याहून थोडे शब्द येतात. वडिलांविषयी नाथ मुख्यतः त्यांच्या नावाविषयी बोलतात. पणजोबा सूर्याचे उपासक, आणि नातवाचे नाव सूर्य. एवढ्या नावात नाथांना आपल्या वडिलांमध्ये भानुदासच पुन्हा उजळलेले दिसतात. आईविषयी तर नावाखेरीज सांगण्यासारखे काही हाती नव्हते. पण आईचे नाव रुक्मिणी, म्हणून रखुमाई ही खरोखर माझीच आई, असा भाव त्यांनी मांडला. आपण वऱ्हाडची माणसे. रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर आपल्या वर्धा नदीच्याच काठी आहे, आणि तीच नदी खाली येऊन आपल्या जिल्ह्याची सीमा होते. आठवणीतून निसटलेल्या आईला नाथांनी त्या माहेरवाशिणीच्या रूपात पुन्हा मिळवले. ज्याच्याजवळ पितरांचे फक्त नावच उरले आहे, त्याने या ठिकाणी थांबून विचार करावा. नाव उरले असेल तर तेवढे पुरे आहे.

आणि नाथ आपल्या कुळापाशी थांबत नाहीत. लगेच पुढे ते वैष्णवकुळाकडे वळतात. नारद, प्रल्हाद, उद्धव, शुक हे त्या मोठ्या कुळाचे वडील. रक्ताचे कूळ भक्तीच्या कुळात मिसळून जाते आणि मग कथा सुरू होते.

नाथांनी हे नवीन काढले नव्हते. श्राद्धविधीचा सांगाडाही असाच आहे. तर्पणात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या नाव घेऊन येतात आणि त्यांना वसू, रुद्र, आदित्य अशा देवरूपांत पाहिले जाते. तशीच आई, आजी, पणजी. मग आईच्या माहेरचे तीन पुरुष. महालय पक्षाच्या विधीत त्यापुढे काका, मामा, आत्या, बहीण, सासरे, गुरू आणि स्नेही हेही येतात. अखेरचे पाणी तर ज्यांना पाणी द्यायला कुणीच उरले नाही त्यांच्यासाठी आणि सगळ्या जीवांसाठी सोडतात. जवळच्यापासून निघायचे आणि सर्वांपर्यंत पोचायचे, असा तो क्रम आहे. नाव किंवा गोत्र ठाऊक नसले तरी शास्त्राने वाट बंद केलेली नाही. गोत्र माहीत नसेल तर कश्यप म्हणावे असा परिपाठ आहे.

त्या शेवटच्या पाण्याचा अर्थ नाथांनी आचरून दाखवला. महिपतींनी त्यांच्या चरित्रात सांगितलेली श्राद्धाची कथा आपण कीर्तनात ऐकतो. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्या काळी ज्यांना गावाबाहेर ठेवले जाई अशी मंडळी वाटेने जात होती. अन्नाचा सुवास त्यांच्यापर्यंत गेला, तेव्हा नाथांनी आणि गिरिजाबाईंनी तेच अन्न त्यांना पोटभर वाढले. पुन्हा नवा स्वयंपाक केला, तर निमंत्रित ब्राह्मणांनी जेवायला नकार दिला. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, असे महिपती सांगतात. बाहेरच्याला वाढलेले पान पितरांना पोचते, हा त्या कथेचा गाभा. म्हणून आपल्या प्रार्थनेचा शेवटही घराच्या उंबऱ्याबाहेर गेला पाहिजे.

आता प्रत्यक्ष लिहिण्याचे पाहू. पक्षातली एकादशी, जिला इंदिरा एकादशी म्हणतात, ती सर्वपित्री अमावस्येच्या चार दिवस आधी येते. वारकऱ्याच्या घरी त्या दिवशी उपवास असतो, चुलीचे काम हलके असते. लिहायला हा दिवस चांगला. घरातले सर्वांत म्हातारे माणूस मध्ये बसवावे आणि नातवाने कागद घ्यावा. आधी नावे लिहावीत, मग प्रत्येक नावापुढे एकच खूण. या माणसाने काय केले की जे आजही घरात चालू आहे? विहीर खोदली, बांधावर आंबा लावला, पंढरीची वाट दाखवली, गोधड्या शिवल्या, लेकींना शाळेत घातले. खूण हाताने दाखवता आली पाहिजे. ते थोर होते, मायाळू होते असे लिहू नये. त्या मायेचा एक प्रसंग लिहावा.

पुरुषांची नावे बहुधा सापडतात. अडते ते बायकांच्या नावांपाशी. पणजीला सगळे आजी नाहीतर काकू म्हणत आणि लग्नात नाव बदललेले, त्यामुळे तिचे नाव कुणालाच ठाऊक नसते. अशा वेळी जुने फेरफार पाहावेत. जमिनीवर वारसांची नावे लागताना विधवेचे नाव त्यात लिहिले जात असे. आपल्याकडे जुन्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. कागद फार जुना असेल तर त्यावर जिल्हा यवतमाळ दिसणार नाही, कारण १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव वणी असे होते. त्र्यंबकेश्वरी किंवा काशीस घरातले कुणी गेले असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतही नावे मिळतात. एवढे करूनही नाव मिळाले नाही तर नात्याने हाक मारावी आणि नाथांसारखे तिला रखुमाईच्या रूपात पाहावे.

मजकूर मोठा नको. पान वाढलेले असते, वडे निवतात, मुले भुकेली असतात. बारा ते पंधरा वाक्ये, मोठ्याने वाचायला तीन मिनिटे, एवढे पुरे. उदाहरण म्हणून अडाण नदीच्या खोऱ्यातले एक कोरडवाहू शेतकऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणू. पणजोबांनी शेत मोडले, आजोबा वारीला जात, आजी सुईणीचे काम करी, आणि धाकटे काका कर्जाच्या ओझ्याखाली खचून स्वतःच्या हाताने जीव देऊन गेले. आपल्या जिल्ह्यात अशी घरे आहेत आणि ती या पंधरवड्यात सर्वांत जास्त अवघडून बसतात. अशा घराची प्रार्थना कशी असेल, ते पुढे लिहून दाखवतो. जिथे नाते लिहिले आहे तिथे वाचकांनी आपापल्या घरची नावे घालावीत.

‘पांडुरंगा, आज आमच्या वडीलधाऱ्यांचे पान मांडले आहे, तू त्यांच्या पंक्तीला बस. पणजोबा, तुम्ही दगड वेचून हे शेत उघडले, त्या दगडांचा बांध अजून उभा आहे आणि यंदाचा उडीद त्याच शेतात पिकला. पणजी, तुमचे नाव आम्हांला सापडले नाही, पण तुमच्या हातचे जाते आमच्या ओसरीत आहे, तुम्ही आमच्या रखुमाई. आजोबा, तुम्ही पायी पंढरीला जात होता, तुमचे टाळ आज नातवाच्या हातात आहेत. आजी, गावातली कितीतरी लेकरे तुम्ही पहिल्यांदा हातात घेतली, ती आज म्हातारी झाली आहेत आणि तुमचे नाव काढतात. काका, तुम्ही बैलांना आपल्याआधी पाणी पाजत होता आणि पोळ्याच्या दिवशी त्यांची शिंगे स्वतः रंगवत होता, ते आम्ही तुमच्यापासून शिकलो. तुमचे ओझे आम्हांला वेळेवर कळले नाही, आता या घरात कुणी आपले ओझे एकट्याने उचलणार नाही, हे तुमच्या पानासमोर सांगतो. आईच्या माहेरच्या सर्व वडीलधाऱ्यांनो, तुम्ही आम्हांला आई दिली. या शेतात राबलेल्या आणि आता नसलेल्या सर्व गडीमाणसांनो, आमच्या बैलांनो आणि गाईंनो, हे तुमचेही पान आहे. ज्यांच्यासाठी आज कुणाच्याच घरी पान मांडले नाही, त्यांनी आमच्या दारी यावे. तुम्ही दिले ते आमच्याजवळ आहे, ते आम्ही पुढे देऊ. सर्वांनी पोटभर जेवावे. रामकृष्णहरी.’

या मजकुरात दुःख लपवलेले नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. काकांच्या मरणाचा उल्लेख आहे, परंतु ते कसे गेले याचा तपशील नाही. तो लिहूच नये, कारण समोर मुले बसलेली असतात. त्या मरणाला बलिदान म्हणू नये आणि पाप तर मुळीच म्हणू नये. आधी त्यांचे जगणे लिहावे, मग एका वाक्यात आपले कर्तव्य. अपघाताने किंवा घाताने गेलेल्यांसाठी पक्षातली चतुर्दशी राखून ठेवलेली आहे. परंपरेने त्यांना पंक्तीतून उठवलेले नाही, वेगळा दिवस देऊन बोलावले आहे. आपल्या मजकुरातही त्यांचे नाव गाळू नये. गाळलेले नाव मुलांना बरोबर कळते, आणि घरातली भीती त्या गाळलेल्या जागीच घर करून राहते.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. ज्या घरातले माणूस याच वर्षी गेले, तिथे वर्षश्राद्ध होईपर्यंत पुष्कळ ठिकाणी पक्ष घालत नाहीत. या रिवाजात शहाणपण आहे. ताज्या जखमेवर कृतज्ञतेचे शब्द बोलायला लावू नये. त्या घरात यंदा फक्त हरिपाठ व्हावा, ज्याला रडायचे त्याने रडावे, आणि कुणी फारच खचलेले दिसले तर त्याला एकटे सोडू नये. प्रार्थना पुढच्या वर्षी लिहावी.

लिहून झाल्यावर मजकूर तपासण्याच्या दोन सोप्या खुणा आहेत. पहिली खूण अशी की तो शेजारच्या घरी जसाच्या तसा वाचता येतो का ते पाहावे. येत असेल तर तो अजून आपल्या घरचा झालेला नाही, त्यात एखादा बांध, एखादे जाते, एखादी सवय यायची राहिली आहे. दुसरी खूण क्रियापदांची. गेले, हरपले, संपले, उरले नाही असे शब्द अधिक असतील तर मजकूर शोकाचा झाला. दिले, लावले, शिकवले, वाढवले असे शब्द अधिक असतील तर तो उपकाराचा झाला. आणखी एक दोष हळूच शिरतो, तो मागण्यांचा. पितरांनो, पीक येऊ द्या, नोकरी लागू द्या, मुलीचे लग्न जमू द्या. मागणे पांडुरंगाजवळ करावे. नाथांच्या त्या ओव्यांत पणजोबांकडे काही मागितलेले नाही. जे मिळाले तेवढेच मोजले आहे.

वाचायचे कुणी? घरातल्या लहानाने वाचावे. नाथांच्या ओव्यांतही वाचा सर्वांत धाकट्याचीच आहे, पणतू पणजोबांना वंदन करतो आहे. सात-आठ वर्षांच्या मुलीला अक्षर लागत असेल तर तिने वाचावे आणि अडेल तिथे आजीने सांगावे. तिथी माहीत असेल त्या दिवशी वाचावे, सवाष्ण गेलेल्या आईसाठी अविधवा नवमीला वाचावे, आणि कुणाचीच तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावस्या सर्वांचीच आहे. वाचून झाले की घास बाहेर ठेवावा आणि त्याच वेळी वाटेवरच्या एखाद्याला, एकट्या राहणाऱ्या म्हातारीला, मजुराला पानावर बोलवावे. ते पान रिकामे राहिले तर प्रार्थनेतले शेवटचे वाक्य खोटे पडते.

कागद घडी करून घरातल्या पोथीत ठेवावा. पुढच्या पितरपाटात तोच काढावा आणि त्यात एक वाक्य वाढवावे. वर्षभरात कुणा सोयऱ्याकडून एखादे हरवलेले नाव कळलेले असते, नाहीतर एखादी नवी आठवण. दहा वर्षांत त्या घराची वंशावळ तयार होते, आणि ती वाचणाऱ्या मुलीला आपण कुणाचे आहोत हे पाठ झालेले असते.

रामकृष्णहरी.